चिखलात चाक फिरू द्यावे का?

चारही चाकांना जोर देणाऱ्या नव्या गाड्यांत ट्रॅक्शन कंट्रोल नावाची एक सोय असते. एखादे चाक जागच्या जागी घसरून फिरू लागले की ती दोन कामे करते : त्या चाकाला ब्रेक लावते आणि इंजिनाचा जोर कमी करते. ओल्या डांबरी सडकेवर ही सोय चालूच ठेवावी. मग ती बंद करण्याचे बटण दिले तरी कशाला?

याचे उत्तर काळ्या रानात मिळते. समजा, श्रावणात पाणंदीने निघालो आणि पुढे पन्नास पावले चिखल आहे. काळी माती टायरच्या खाचांत भरते आणि टायर गुळगुळीत होतो. चाक जरा जोरात फिरले, तरच ती माती बाहेर फेकली जाते. पण चाक फिरताच इंजिनाचा जोर आवळला जातो आणि गाडी मधोमध बसते. ॲक्सिलरेटर दाबूनही इंजिन उठत नाही, समोर घसरत्या गाडीचे चित्र लुकलुकते, ही त्याची खूण.

म्हणून चिखलाआधी, कठीण जमिनीवरच थांबावे. फोर-व्हील लो लावावा. मग 'मड' हा मोड निवडावा. त्यात चाकाला थोडे फिरण्याची मोकळीक असते. मोड नसेल, तर बटण दाबून ट्रॅक्शन कंट्रोल बंद करावा. दुसऱ्या गिअरमध्ये, एकसारख्या वेगाने, न थांबता पार व्हावे. चाके फिरताहेत, पण गाडी हलत नाही, असे दिसले की लगेच पाय काढावा. नाहीतर चाके खड्डा खणतात आणि गाडीचे पोट मातीवर टेकते. मग आल्या चाकोरीनेच मागे यावे किंवा फावडे घ्यावे.

वाळूतही जोर तुटता कामा नये, कारण थांबलेली गाडी रुतते. 'सँड' मोड तो जोर टिकवतो. टायरची हवाही ३२ पौंडांवरून २०च्या आसपास आणावी आणि सडकेवर येताच पुन्हा भरावी.

बर्फाचे मात्र उलटे आहे. तिथे फिरणारे चाक बर्फ घासून काचेसारखा करते. म्हणून 'स्नो' मोड इंजिनाचा जोर हळूहळू सोडतो. हिमाचलात बर्फाळ घाटात ट्रॅक्शन कंट्रोल चालूच असू द्यावा.

आणखी एक गोष्ट. तिरका बांध ओलांडताना एक चाक अधांतरी लटकते आणि सारा जोर त्याच्याकडे वाया जातो. त्या वेळी यंत्रणा त्याला ब्रेक लावते आणि जोर जमिनीवरच्या चाकाकडे वळतो. इथे ती बंद केली, तर आपणच आपला मदतनीस घालवला म्हणायचे!

थोडक्यात, चाक मातीत भरले असेल तर फिरू द्यावे, हवेत असेल तर धरू द्यावे. सडकेवर परतल्यावर फलकावरचा 'OFF' दिवा विझला ना, एवढे पाहून मगच वेग घ्यावा.