अमेरिकेच्या व्हिसासाठी फोटो कापताना डोक्यावर जागा किती ठेवावी?

मुलाबाळांकडे अमेरिकेला निघालेले आईवडील असोत की शिकायला जाणारी मुलगी, डीएस-१६० हा अर्ज भरताना फोटोपाशी गाडी बऱ्याचदा अडते. फोटो स्वच्छ असतो, पार्श्वभूमी पांढरी असते, तरी नाकारला जातो. अशा वेळी चौकटीतले डोक्याचे माप आणि जागा आधी तपासावी.

नियम काय मागतो

फोटो चौरस हवा. छापील प्रत २ × २ इंच, म्हणजे ५१ × ५१ मिलिमीटर. संगणकावरची प्रत किमान ६०० × ६०० आणि कमाल १२०० × १२०० पिक्सेल, जेपीईजी स्वरूपात, २४० केबीच्या आत. हनुवटीच्या टोकापासून केसांच्या माथ्यापर्यंतची उंची चौकटीच्या ५० ते ६९ टक्के असावी आणि डोळ्यांची रेषा तळापासून ५६ ते ६९ टक्के उंचीवर यावी.

यात डोक्यावरच्या जागेचा आकडा कुठेच नाही. ती जागा या दोन मापांतूनच ठरते.

दोन्ही मापे वरच्या टोकाला नेऊ नयेत

माणसाचे डोळे डोक्याच्या साधारण मध्यावर असतात. आता डोके ६९ टक्के ठेवले आणि डोळेही ६९ टक्क्यांवर नेले, तर डोळ्यांच्या वर आणखी सुमारे ३४ टक्के डोके उरते. बेरीज १०३ होते, म्हणजे माथा चौकटीबाहेर जातो. दोन्ही नियम स्वतंत्रपणे पाळूनही फोटो बाद! म्हणून मी डोके ६० टक्के आणि डोळे ६२ टक्क्यांवर धरायला सांगेन. अशाने माथ्यावर सुमारे ८ ते ९ टक्के, छापील फोटोत साडेचार मिलिमीटरच्या आसपास, जागा राहते.

एक फोटो कापून पाहू

मोबाइलवर काढलेला उभा फोटो आहे, ३०२४ पिक्सेल रुंद आणि ४०३२ उंच. संगणकावर पेंटमध्ये तो उघडला की कर्सर जिथे असेल तिथले आकडे खालच्या पट्टीत दिसतात. उंची वरून खाली मोजली जाते. समजा, केसांचा माथा १३०० वर, डोळे १७९० वर आणि हनुवटी २३०० वर आहे.

डोके झाले १००० पिक्सेल. ते ६० टक्के हवे, म्हणून १००० ला ०.६० ने भागायचे: चौरसाची बाजू १६६७. डोळे तळापासून ६२ टक्क्यांवर म्हणजे वरून ३८ टक्क्यांवर. १६६७ चे ३८ टक्के ६३३. डोळ्यांच्या १७९० मधून ६३३ वजा केले की वरची कड ११५७ वर येते आणि खालची २८२४ वर. माथ्यावर १४३ पिक्सेल मोकळे राहिले, हनुवटीखाली ५२४. आडवे माप सोपे आहे: दोन डोळ्यांचा मध्य चौरसाच्या मधोमध आणायचा. शेवटी पूर्ण चौरस १२०० × १२०० वर आणायचा, पण एकाच बाजूने ताणून नव्हे. चेहरा लांबट किंवा पसरट झालेला लगेच ओळखू येतो.

उंच केस असतील तर

डोक्याचे माप केसांसकट घेतात. माथ्यावर अंबाडा किंवा दाट कुरळे केस असले, की मापाच्या हिशेबात डोळे मध्याच्या खाली सरकतात. डोळ्यांच्या वर ५६ टक्के भाग येत असेल आणि डोके ६९ टक्के ठेवले, तर डोळे ६२ टक्क्यांवर असतानाच माथा कापला जातो. डोके ५५ टक्क्यांवर आणले की माथ्यावर ७ टक्के जागा मिळते. त्याहून सोपा उपाय म्हणजे अंबाडा खाली, मानेवर बांधून फोटो काढणे.

जागा मुळात असावी लागते

कात्रीने जागा कमी करता येते, वाढवता येत नाही. मूळ फोटोत माथा वरच्या कडेला टेकलेला असेल, तर वर पांढरी पट्टी जोडण्याचा मोह आवरावा. चित्रात असा बदल चालत नाही. फोटो काढतानाच माथ्यावर अर्ध्या डोक्याएवढी जागा आणि खाली छातीपर्यंतचा भाग घ्यावा. दीड मीटर लांबून, कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर धरून दुसऱ्या कुणीतरी काढावा. हातभर अंतरावरच्या सेल्फीत नाक मोठे दिसते. चष्मा काढून ठेवावा. मूळ फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून साधा पाठवला तर तो लहान होऊन येतो. डॉक्युमेंट म्हणून मागवावा.

छापल्यावर पट्टीने मोजा

कडा न सोडता छपाई करताना प्रिंटर चित्र किंचित मोठे करतो आणि माथ्यावरची जागा घटते. छापील फोटोत हनुवटी ते माथा २५ ते ३५ मिलिमीटर भरायला हवे. वरच्या हिशेबाने ते ३० च्या आसपास येते. शेंगेन व्हिसाला हाच फोटो चालणार नाही: तिथे ३५ × ४५ मिलिमीटरच्या फोटोत चेहराच ३२ ते ३६ मिलिमीटर लागतो. त्यासाठी मूळ फोटोतूनच पुन्हा कापावे.