आठ, आणि पुन्हा आठ

कायनेसिनचा तो व्हिडिओ एव्हाना बहुतेकांच्या फोनवर येऊन गेला असेल. जाडजूड नळीवरून दोन पायांचं काहीतरी डुलत चाललेलं असतं, पाठीवर स्वतःपेक्षा कितीतरी मोठा गोळा आणि मागे संथ संगीत. पेशीच्या आत माल असा वाहिला जातो, असं खाली लिहिलेलं असतं. मला खटकली ती त्या चालण्यातली ऐट. इतक्या लहान वस्तूला भोवतालचं पाणी सतत धक्के देत असणार, मग ही इतकी निवांत चालते कशी? मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत असे प्रयोग होतात असं कळलं, ओळख काढली आणि गेलो.

पहिली भेट झाली ती वासाशी. शीतगृहात बकऱ्याचे भेजे बर्फात ठेवले होते, आणि कच्च्या मांसाचा, किंचित गोडसर रक्ताचा वास कपड्यांत बसला तो घरी येईपर्यंत गेला नाही. मेंदूत ट्यूब्युलिन नावाचं प्रोटीन भरपूर असतं आणि मायक्रोट्यूब्यूल म्हणजे ती नळी त्याचीच बनते. पीएचडी करणारी एक सोलापूरकडची मुलगी पहाटे खाटकाकडे जाऊन ताजे भेजे घेऊन आली होती. "उशीर झाला तर प्रोटीन मरतं, सर," एवढंच ती म्हणाली. भेजा थंड द्रावणात वाटायचा आणि यंत्रात जोरात फिरवून गाळ काढायचा. मग उरलेलं पाणी जीटीपी घालून ३७ अंशांना आणलं की ट्यूब्युलिन आपोआप नळ्या बांधतं, गार केलं की त्या नळ्या पुन्हा सुट्या होतात. असं गरम-गार करत आणि दर वेळी फिरवून वेगळं करत शुद्ध ट्यूब्युलिन हाती येतं. शेवटी टॅक्सॉल घालतात म्हणजे नळ्या मोडत नाहीत. हे तेच कर्करोगावरचं औषध.

नळीची जाडी सुमारे २५ नॅनोमीटर. तिच्या भिंतीत ट्यूब्युलिनचे जोडरेणू एकामागे एक, एकाच दिशेने तोंड करून बसलेले असतात आणि एका जोडरेणूची लांबी ८ नॅनोमीटर असते. नळीच्या दोन टोकांना त्यामुळे वेगवेगळा स्वभाव मिळतो. एकाला धन म्हणतात, दुसऱ्याला ऋण. कायनेसिन धन टोकाकडे जातं, तर डायनिन हे दुसरं मालवाहू प्रोटीन ऋण टोकाकडे.

दुपारी आम्ही अंधाऱ्या खोलीत बसलो. काचेच्या दोन तुकड्यांमध्ये दुहेरी चिकटपट्टी लावून केलेल्या फटीत नळ्या चिकटवल्या होत्या. त्यावर प्लास्टिकचे अर्ध्या मायक्रोमीटरचे मणी सोडले, आणि मण्यांवर कायनेसिन. अवरक्त लेझरचा झोत भिंगातून एका बिंदूवर आणला की मणी त्या प्रकाशात अडकून बसतो. यालाच ऑप्टिकल ट्रॅप म्हणतात. मणी मध्यापासून जितका लांब सरकेल तितका प्रकाश त्याला परत ओढतो, म्हणून त्याची जागा मोजली की त्याच्यावरचं बलही कळतं.

तिने मणी पकडून नळीवर आणला. तो थरथरत होता आणि त्या थरथरीकडे पाहताना माझ्या मनातला व्हिडिओ साफ मोडला. काही वेळ काहीच घडलं नाही. मग थरथर एकदम कमी झाली. कायनेसिनने नळी धरली होती. पडद्यावरची रेघ वर चढू लागली, थोडी सपाट, मग उभी उडी, पुन्हा सपाट. तिने उडीच्या दोन्ही बाजूंना खुणा लावल्या. "आठ." पुढची उडी. "आठ." मग माझ्याकडे बघून हसली, "तुम्हीच मोजा आता." मी मोजत गेलो, आठ, आठ, कधी थोडं कमी, पण जवळपास आठच. १९९३ साली कॅरेल स्वोबोडा, स्टीव्हन ब्लॉक आणि सहकाऱ्यांनी ही उडी प्रथम स्वच्छ वेगळी करून दाखवली होती.

त्या दिवशी ट्रॅपची ताठरता होती नॅनोमीटरला ०.०५ पिकोन्यूटन. म्हणजे मणी १२० नॅनोमीटर सरकला की त्याच्यावर ६ पिकोन्यूटनचं ओढणं येतं, आणि १२० म्हणजे आठाची पंधरा पावलं. मणी साधारण तिथवर गेला, घुटमळला आणि सुटून मध्याकडे झटकन परत आला. मग पुन्हा चढला. या अंकाचा हिशेब तिने कागदावर करून दाखवला. ६ पिकोन्यूटनविरुद्ध ८ नॅनोमीटर चालणं म्हणजे ४८ एकक काम. पेशीतल्या परिस्थितीत एटीपीचा एक रेणू फुटला की ८० ते १०० एकक ऊर्जा सुटते. एका पावलाला एक एटीपी लागतो हे १९९७ मध्ये सिद्ध झालेलं आहे, म्हणजे निम्म्याच्या आसपास कामी लागते.

मी विचारलं, मग एटीपी फुटताना जो जोर निघतो त्यानेच पाय पुढे फेकला जातो ना? तिने मान हलवली. "फुटणं नंतर येतं, सर."

हे समजायला मला वेळ लागला. कायनेसिनच्या दोन डोक्यांपैकी (पाय म्हटलं तरी चालेल) पुढचं नळीला घट्ट चिकटलेलं असतं आणि त्याच्या पोटात काहीच नसतं. मागच्याच्या पोटात एडीपी असतो, त्यामुळे त्याची पकड सैल. पुढच्या डोक्यात एटीपी येऊन बसला की त्या डोक्याच्या मानेची छोटी पट्टी धन टोकाच्या दिशेने डोक्याला चिकटते. मागचं डोकं त्या पट्टीला जोडलेलं असल्यामुळे आता ते पुढच्या अंगाला लोंबकळायला लागतं. पण त्याला प्रत्यक्ष हलवतं कोण? भोवतालचं पाणीच, ज्याचे धक्के सगळ्या बाजूंनी बसतच असतात. दादरच्या पुलावर गर्दी तुम्हाला कुठेही ढकलते. तुम्ही फक्त पुढे ढकललं गेल्यावर कठडा पकडायचा आणि सोडायचा नाही. डोकंही असंच भरकटत पुढच्या जागेला, म्हणजे आधीच्या जागेपासून १६ नॅनोमीटरवर पोचतं, चिकटतं आणि चिकटताच एडीपी सोडून देतं. मण्याचा मध्य तेवढ्याने आठ सरकतो.

एटीपी फुटतो तो या सगळ्यात मागे पडलेल्या डोक्यात. फॉस्फेट निघून गेला की त्या डोक्याची पकड सैल होते आणि ते नळी सोडतं. म्हणजे एटीपी बसण्याने पाऊल पडायला वाव मिळतो आणि फुटण्याने मागचा पाय सुटतो. हे फुटणं उलटं होणं फार अवघड असतं, म्हणून चक्र मागे फिरत नाही आणि धक्क्यांना एकच दिशा मिळते. मानेची पट्टी चिकटण्यातून मिळणारी ऊर्जाही मोजलेली आहे. ती लहान भरते, एवढा भार ओढायला एकटी पुरत नाही. त्यामुळे 'एटीपीच्या स्फोटाने चालणारं यंत्र' हे पाठ्यपुस्तकी वर्णन मला आता दिशाभूल करणारं वाटतं.

हे खरं असेल तर एटीपी कमी केल्यावर उडी लहान व्हायला नको, फक्त वाट पाहणं वाढायला हवं. तिने तोही प्रयोग दाखवला. भरपूर एटीपी असताना, ओझं नसेल तर कायनेसिन सेकंदाला ८०० नॅनोमीटर, म्हणजे शंभर पावलं चालतं. एटीपी पाचशे पट पातळ केल्यावर सेकंदाला दोन-चार पावलं पडू लागली. सपाट भाग लांबलचक झाले, उडी मात्र तीच. आठ. २००५ साली निकोलस कार्टर आणि रॉबर्ट क्रॉस यांनी तर मण्याला ७ पिकोन्यूटनच्या पुढे मागे खेचून पाहिलं. कायनेसिन सुटून पडण्याऐवजी मागे पावलं टाकू लागलं, आणि त्या मागच्या पावलांनाही एटीपी लागतच होता. पुरेसं ओझं आलं की तोच एटीपी उलटी पावलंही टाकायला लावतो.

फसगत होण्याची जागाही तिने सांगितली. एका मण्यावर दोन-तीन कायनेसिन बसले तर मणी लांबच लांब जातो आणि पाहणाऱ्याला वाटतं, वा, काय चाललंय! एकटं कायनेसिन साधारण एक मायक्रोमीटर चालून सुटतं. म्हणून ते इतकं पातळ करतात की दहापैकी तीन मण्यांहून जास्त हलूच नयेत. सातजण नुसते थरथरत राहिले तरच उरलेल्या तिघांवर विश्वास ठेवायचा. ती दिवसाचा बराच वेळ न चालणारे मणी तपासण्यात घालवते, आणि मला तिच्या कामातला हा कंटाळवाणा भागच सर्वांत प्रामाणिक वाटला.

डायनिनचं सगळंच निराळं. ते आकाराने प्रचंड आहे. सहा भागांचं कडं, त्यातून निघालेला सुमारे १५ नॅनोमीटरचा दांडा, आणि नळी धरायचा हात त्या दांड्याच्या टोकाला. एटीपी बसतो कड्यात आणि तिथे बसल्यावर दूरच्या टोकाची पकड सुटते. कायनेसिनमध्ये एटीपी बसला की डोकं घट्ट धरून राहतं, इथे सुटतं. कड्यावरची आडवी दांडी वाकते, एटीपी फुटल्यावर हात नळीला पुन्हा चिकटतो आणि दांडी सरळ होताना माल ओढला जातो. पावलं मात्र बेशिस्त असतात. कधी आठ, कधी सोळा, कधी चोवीस, मध्येच बाजूला, मध्येच मागे. २००४ मध्ये रूप मल्लिक, स्टीव्हन ग्रॉस आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ओझं नसताना डायनिन मोठी पावलं टाकतं आणि ओझं वाढलं की आठावर येतं. त्यांनी त्याला गिअर म्हटलं. पण त्या प्रयोगांत एकट्या डायनिनचा जोर फक्त एक पिकोन्यूटनच्या आसपास भरला, कायनेसिनच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याचा.

मग पेशीत डायनिन कायनेसिनसमोर टिकतं कसं? याचं उत्तर इथेच, मुंबईत शोधलं गेलं. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत मल्लिक यांच्या गटाने २००९ मध्ये डिक्टिओस्टेलियम या अमिबासारख्या जीवातल्या पिशव्यांवर रस्सीखेच मोजली. एका बाजूला एखादं जोरकस कायनेसिन, दुसऱ्या बाजूला चार-आठ दुबळे डायनिन, आणि मध्ये ताणली जाऊन कधी कधी तुटणारी पिशवी. २०१३ मध्ये त्याच गटाने दाखवलं की डायनिन गटाने ओझं वाटून घेतात. पुढचं डायनिन जोर लागल्यावर पावलं लहान करतं, मागचे त्याला गाठतात. कायनेसिनना हे जमत नाही. डायनॅक्टिनसारखे जोडीदार मिळाले तर एकट्या डायनिनचा जोरही चार पिकोन्यूटनपर्यंत जातो, असं पुढे इतर प्रयोगशाळांनी मोजलं. म्हणून डायनिनच्या बलाचा आकडा कुठे वाचलात तर आधी पाहा, मोजताना ते एकटं होतं का, आणि त्याच्यासोबत कोण होतं.