जर्मन किराणा पावती: तळापासून वर

पुण्यातल्या अनेक कंपन्यांतून जर्मनीत पाठवलेली मंडळी परत येतात ती पावत्यांचे फोटो घेऊन. शिकायला गेलेली मुलं तेच फोटो खोलीतल्या मित्रांच्या ग्रुपवर टाकतात, ‘कोणाचे किती’ हे ठरवायला. म्हणजे पावती वाचणारा बऱ्याचदा दुकानात गेलेला नसतोच. त्याच्यासमोर असतो फक्त थोडा तिरका, कडेला कापला गेलेला फोटो आणि त्यावर कुठल्याही शब्दकोशात न सापडणारे अर्धवट शब्द. जर्मन येत नसलं तरी अशी पावती बरीचशी उलगडते, कारण तिच्यातले आकडे एकमेकांची साक्ष देतात. त्यासाठी वाचायला सुरुवात मात्र तळापासून करायची.

नमुन्यासाठी तिथल्या धाटणीची एक छोटी पावती रचली आहे:

```
                           EUR
H-MILCH 1,5%              1,90 B
   2 Stk x  0,95
KART. FESTK.              2,49 B
RISPENTOMATEN             1,70 B
   0,568 kg x 2,99 EUR/kg
HAFERDRINK                1,49 A
MIN.WASSER 6X1,5          1,74 A
PFAND                     1,50 A*
JOGH. NAT. 3,5%           1,19 B
RABATT 30%               -0,36 B
LEERGUT                  -2,25 A*
--------------------------------
SUMME            EUR      9,40

Steuer      Netto Steuer  Brutto
A= 19,0%     2,08   0,40    2,48
B=  7,0%     6,47   0,45    6,92
Gesamt       8,55   0,85    9,40
```

आकड्यांतला स्वल्पविराम म्हणजे आपला दशांशचिन्हाचा टिंब, एवढं आधी लक्षात घ्यावं. पावतीवरचे ‘1,90’ म्हणजे एक युरो नव्वद सेंट.

आता तळाचा तक्ता. नेट्टो म्हणजे कराविना रक्कम, श्टॉयर म्हणजे कर आणि ब्रुट्टो म्हणजे दोन्ही मिळून. हा कर वरच्या बेरजेत मिळवायचा नाही. जर्मनीत फळीवर लावलेल्या किमतीत कर धरलेलाच असतो, आपल्याकडच्या छापील किमतीत जीएसटी असतो तसाच. तक्ता फक्त सांगतो की दिलेल्या ९.४० युरोंपैकी ८५ सेंट सरकारकडे गेले. अमेरिकेतल्या पावतीची सवय असलेले इथे हमखास चुकतात, कारण तिकडे बहुतेक राज्यांत कर शेवटी वर चढतो.

दर दोन आहेत. सर्वसाधारण दर १९ टक्के आणि बहुतेक खाद्यपदार्थांना, पुस्तकांना वगैरे ७ टक्के. (२०२० च्या जुलै ते डिसेंबर या सहा महिन्यांत ते १६ आणि ५ होते. त्या काळातली पावती हाती आली तर दचकू नये.) किमतीपुढचं अक्षर यांतला कुठला दर लागला ते सांगतं. पण कुठल्या दराला कुठलं अक्षर, हे प्रत्येक दुकानसाखळी आपापलं ठरवते. आपल्या नमुन्यात A म्हणजे १९ आहे. दुसऱ्या दुकानात A म्हणजे ७ असू शकतं, तिसऱ्या दुकानात अक्षरांऐवजी 1 आणि 2 असतात. म्हणून ‘A म्हणजे अमुक’ असं पाठ करून ठेवण्यात अर्थ नाही. दर वेळी त्याच पावतीचा तळ पाहावा.

कुठली वस्तू कुठल्या दरात, याचंही एक तर्कट आहे. कमी दराच्या वस्तूंची यादी कायद्याला जोडलेली आहे. त्या यादीत दूध आहे, ओट्सचं दूध नाही. म्हणून नमुन्यात गाईच्या दुधाला B आणि ‘हाफरड्रिंक’ला A लागलेलं दिसतं. बाटलीबंद पाणी, फळांचे रस, शीतपेयं यांनाही १९ टक्केच. उलट कॉफीच्या बिया आणि चहाची पत्ती ७ टक्क्यांत. दुधासारखं दिसणारं दूध मोजलं जात नाही, या न्यायावर तिकडे बरेच जण वैतागतात. पावती वाचणाऱ्याला मात्र त्याचा उपयोगच होतो.

तो कसा, ते आता फोटो बिघडवून पाहू. समजा बटाट्याची किंमत नीट दिसत नाही, 2,49 आहे की 2,19 ते कळत नाही. तक्ता सांगतो की B अक्षराच्या सगळ्या वस्तू मिळून ६.९२ झाल्या. त्यातून दुधाचे १.९०, टोमॅटोचे १.७० आणि सवलत वजा जाता दह्याचे ०.८३ काढा. उरतात २.४९. बटाट्याचा प्रश्न मिटला. समजा उजवी कडा कापली जाऊन अक्षरांचा रकानाच गेला, तरी असंच करायचं: ६.९२ भरेल अशा वस्तूंचा गट शोधायचा, उरलेला आपोआप A मध्ये जातो. वजनी वस्तूचं तर आणखी सोपं. ०.५६८ किलो गुणिले २.९९ म्हणजे १.७०. टोमॅटोच्या रकमेवर बोट आलेलं असलं तरी खालची ओळ ती परत मिळवून देते. ही गुणाकाराची ओळ कुठे वस्तूच्या खाली छापतात, कुठे वर. ती कोणाची, अशी शंका आली तर गुणाकार ज्या किमतीशी जुळेल त्या वस्तूची.

नवख्याचा सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो फांट आणि लीरगूट या दोन ओळींवर. फांट म्हणजे बाटलीची अनामत, लीरगूट म्हणजे रिकाम्या बाटल्या परत दिल्याचे पैसे. एकदाच वापरायची प्लॅस्टिकची बाटली किंवा डबा असेल तर अनामत २५ सेंट, म्हणून सहा पाण्याच्या बाटल्यांवर १.५० युरो. पुन्हा भरून वापरायच्या बाटल्यांना कमी: बिअरच्या साध्या बाटलीला ८ सेंट, पाण्याच्या बाटलीला सहसा १५. रिकाम्या क्रेटचेच १.५० असतात. त्यामुळे कुठे अनामतीपुढे ३.१० दिसले, तर वरच्या ओळीतला शब्द कितीही तुटका असो, ती वीस बाटल्यांची बिअरची क्रेट आहे असं जवळजवळ खात्रीने म्हणता येतं. विसांचे १.६० आणि क्रेटचे १.५०.

नमुन्यातले लीरगूटचे २.२५ म्हणजे मागच्या खेपांच्या नऊ बाटल्या. दुकानातल्या यंत्रात त्या सरकवल्या की चिठ्ठी मिळते आणि ती कॅश काउंटरवर दिली की बिलातून वजा होते. त्यामुळे पावतीची शेवटची रक्कम आणि प्रत्यक्ष किराण्याचा खर्च या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या पावतीत किराणा झाला १०.१५ युरोंचा. अनामतीचे १.५० चढले, २.२५ उतरले आणि ९.४० उरले. मित्रांत वाटणी करताना नऊ बाटल्या कोणी प्यायल्या यावरून वाद झाला, तर त्याचं मूळ या ओळीत आहे. ऑफिसात हिशेब सादर करणाऱ्यानेही अनामत खर्चात धरू नये, ती परत मिळण्याजोगी असते.

अनामतीला तिच्या पेयाचाच कर लागतो, म्हणून तिथेही A. त्याचा एक विचित्र परिणाम दिसतो. कोणी पोतंभर बाटल्या परत केल्या आणि भाजी-दूधच घेतलं, तर तळाच्या तक्त्यात A ची ओळ चक्क उणे येते. ती छपाईची चूक नसते. अक्षरापुढच्या ताऱ्याचा अर्थ काही पावत्यांवर खाली छापलेला असतो. बहुधा तो ‘या रकमेवर सवलत किंवा पॉइंट नाहीत’ एवढंच सांगतो.

सवलतीच्या ओळी ओळखायच्या उणे चिन्हावरून. ‘रबाट’ ही ओळ सहसा लगेच वरच्या वस्तूची असते आणि तिचंच अक्षर घेते. इथे दह्याच्या १.१९ वर तीस टक्के, म्हणजे ३६ सेंट. मुदत संपत आलेल्या मालावर चिकटवलेली पट्टी बहुतेक वेळा अशीच उतरते. उणे रक्कम वरच्या किमतीएवढीच असेल आणि जवळ ‘श्टोर्नो’ लिहिलेलं असेल, तर ती सवलत नव्हे, वस्तू रद्द झाली. आणखी दोन ठिकाणी सावध राहावं. बेरजेच्या खाली ‘तुम्ही इतके वाचवलेत’ अशा अर्थाची ओळ असते, तिच्यात शब्द असतो ‘गेश्पार्ट’. ती रक्कम आधीच वजा झालेली असते. ती पुन्हा वजा करणारे भेटतात. दुसरं म्हणजे बेरजेच्या खाली ‘गुटशाइन’ आलं तर बहुधा ते भेटकार्ड, म्हणजे पैसे भरण्याचा प्रकार. बेरजेच्या वर जे वजा होतं त्याने खर्चही घटतो आणि करही. खाली येतं त्याने दोन्ही तसेच राहतात.

राहिली वस्तूंची नावं. काउंटरच्या यंत्रात नावाला जागा थोडी आणि जर्मन शब्द लांबलचक, म्हणून कात्री लागते. शिवाय ä, ö, ü यांच्या जागी बरीच यंत्रं AE, OE, UE छापतात. चीज ‘KAESE’ होतं, गाजरं ‘MOEHREN’. H-MILCH मधला H म्हणजे टिकाऊ, आपल्याकडे खोक्यातलं मिळतं तसं दूध. FESTK. म्हणजे शिजल्यावर न फुटणारे बटाटे. TK म्हणजे गोठवलेलं.

खरी अडचण अशी की जर्मन जोडशब्दात मुख्य वस्तू शेवटी येते आणि कात्री शेवटावरच चालते. रिस्पनटोमाटन हा शब्द पूर्ण असेल तर शेवटच्या तुकड्यावरून टोमॅटो कळतात, ‘RISPENT.’ एवढंच राहिलं तर अडलं. पावतीवर ‘APFELS.’ दिसलं तर? आप्फेल म्हणजे सफरचंद हे माहीत असणारा सफरचंदं समजेल. पण आप्फेलझिनन म्हणजे संत्री आणि आप्फेलझाफ्ट म्हणजे सफरचंदाचा रस. इथे कराचं अक्षर निकाल देतं. सात टक्के असेल तर फळ, एकोणीस असेल तर रस.

शाकाहारी माणसाला ‘SCHW.’ जपून वाचावं लागतं. ते श्वाइन, म्हणजे डुकराचं मांस असेल, किंवा श्वार्त्स, म्हणजे काळं. दोन्हीकडे कर सातच टक्के, त्यामुळे अक्षराची मदत नाही. पुढे PFEFFER असेल तर काळी मिरी, TEE असेल तर काळा चहा. SCHNITZEL किंवा FILET असेल तर मांस. ‘GEM.’ची गतही तीच. रश्शाच्या भुकटीपुढे ते भाजी सांगतं आणि ‘HACKFL. GEM.’ मध्ये गाय-डुकराचा मिश्र खिमा. ‘VEG.’ शाकाहारी आहे की दूधही नसलेलं, हे पावतीवरून ठरत नाही. अशा वेळी पाठवणाऱ्याला पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो मागावा.