घरभाडे क्रेडिट कार्डाने : खरा खर्च किती?

महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पगार उशिरा आला की घरमालकाला भाडे कुठून द्यायचे, हा भाड्याने राहणाऱ्या प्रत्येक कुटुंबाचा प्रश्न असतो. अलीकडच्या काही वर्षांत त्यावर मोबाइलमध्येच एक उत्तर दिसू लागले. ॲप उघडायचे, घरमालकाचा खाते क्रमांक टाकायचा आणि भाडे क्रेडिट कार्डाने भरायचे. पैसे एक-दोन दिवसांत घरमालकाच्या खात्यात जातात आणि आपल्याला कार्डाचे बिल येईपर्यंत उसंत मिळते. शिवाय रिवॉर्ड पॉइंट मिळतील अशी आशाही असते. या सोयीची किंमत किती आणि ती कुठे कुठे मोजावी लागते, हे एका उदाहरणाने पाहू.

समजा, मुंब्र्यातील एका घराचे भाडे 18,000 रुपये आहे आणि ॲपचे सुविधा शुल्क एक टक्का आहे. म्हणजे 180 रुपये. या शुल्कावर 18 टक्के जीएसटी लागतो, तो 32 रुपये 40 पैसे. कार्डावर एकूण 18,212 रुपये 40 पैसे पडतात. इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. जीएसटी फक्त शुल्कावर आहे, भाड्यावर नाही. राहण्यासाठी घेतलेल्या घराच्या भाड्यावर सामान्य कुटुंबाला जीएसटी द्यावा लागत नाही.

हा हिशोब पैसे भरण्याआधी पडद्यावर दिसतो, म्हणून बहुतेकांना वाटते की विषय इथेच संपला. पण दुसरे शुल्क कार्ड देणारी बँक घेते आणि ते ॲपच्या पडद्यावर दिसत नाही. आयसीआयसीआय बँकेने 20 ऑक्टोबर 2022 पासून भाड्याच्या व्यवहारावर एक टक्का शुल्क सुरू केले. एसबीआय कार्डने 2022 च्या नोव्हेंबरात 99 रुपये आणि कर असे शुल्क लावले आणि मार्च 2023 मध्ये ते 199 रुपये केले. इतर मोठ्या बँकाही त्याच वाटेने गेल्या. बँकेलाही हे शुल्क घेताना वर 18 टक्के जीएसटी लावावा लागतो.

आपल्या उदाहरणात बँकेचा एक टक्का म्हणजे 182 रुपये 12 पैसे आणि त्यावरचा कर 32 रुपये 78 पैसे. दोन्ही मिळून 214 रुपये 90 पैसे. ही रक्कम स्टेटमेंटमध्ये वेगळ्या ओळीत येते. आता 18,000 रुपयांचे भाडे 18,427 रुपये 30 पैशांना पडले. म्हणजे 427 रुपये जास्त.

आमच्या शाळेतील एका सहकाऱ्यांनी हा हिशोब पाहून विचारले, "पण सर, पॉइंट मिळतात ना?" पूर्वी अनेक कार्डांवर मिळत. म्हणूनच लोक या मार्गाकडे वळले. मात्र भाड्याचा व्यवहार बँकेला वेगळा ओळखू येतो. कार्डाच्या यंत्रणेत प्रत्येक विक्रेत्याला त्याच्या व्यवसायाचा चार आकडी क्रमांक असतो आणि घरभाड्यासाठी 6513 हा क्रमांक वापरला जातो. तो क्रमांक दिसला की बहुतेक कार्डांवर पॉइंट नोंदवलेच जात नाहीत. एचडीएफसी बँकेने 1 जानेवारी 2023 पासून भाड्यावरचे पॉइंट बंद केले. वर्षभरात ठरावीक खर्च केल्यास वार्षिक फी माफ, अशी सवलत असेल तर तिच्यात भाडे धरले जाते का, हेही कार्डाच्या अटींत वाचावे. बऱ्याच ठिकाणी ते वगळलेले असते.

आणि पॉइंट मिळालेच तर? समजा 100 रुपयांना एक पॉइंट आणि एका पॉइंटची किंमत 25 पैसे. 18,212 रुपयांवर 182 पॉइंट, म्हणजे साडेपंचेचाळीस रुपये. 427 रुपये देऊन 45 रुपये परत!

मग उरते फक्त उसंत. ती किती मिळते हे बिलाच्या तारखेवर ठरते. बिल दर महिन्याच्या 5 तारखेला निघत असेल आणि भरायला वीस दिवस मिळत असतील, तर 6 तारखेला दिलेले भाडे पुढच्या महिन्याच्या 25 तारखेपर्यंत भरता येते. पण तेच भाडे 4 तारखेला दिले तर दुसऱ्याच दिवशी बिल निघते आणि जेमतेम तीन आठवडे मिळतात. शुल्क मात्र दोन्ही वेळा तेवढेच.

खरी गोम पुढच्या महिन्यात आहे. पहिल्या महिन्यात 18,000 रुपये हातात राहिले. दुसऱ्या महिन्यात पुन्हा कार्डाने भाडे दिले, तेव्हा मागच्या महिन्याचे बिलही भरावे लागले. म्हणजे खिशातून दर महिन्याला एक भाडे जातच राहते. उसंत एकदाच मिळाली, शुल्क मात्र बारा वेळा गेले. वर्षाचे 5,127 रुपये होतात. शिवाय ज्या महिन्यात ही पद्धत बंद कराल, त्या महिन्यात कार्डाचे बिल आणि चालू भाडे अशी दोन भाडी एकत्र द्यावी लागतील. अनेक कुटुंबे इथेच अडकतात आणि "कमीत कमी देय रक्कम" भरून वेळ मारून नेतात.

तसे केले की व्याज सुरू होते. अनेक कार्डांवर ते महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असते. ते व्यवहाराच्या दिवसापासून मोजले जाते आणि त्यावरही जीएसटी लागतो. आपल्या रकमेवर एका महिन्याचे जवळपास 760 रुपये झाले. थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. व्याजाच्या व्यवहारापासून दूर राहू पाहणाऱ्या आपल्या घरांनी हे आधीच ओळखले पाहिजे, कारण एक हप्ता चुकला की सोय म्हणून सुरू झालेली गोष्ट व्याजाचे कर्ज बनते.

नियमांतही बदल झाला आहे. सप्टेंबर 2025 मध्ये रिझर्व्ह बँकेने पेमेंट मध्यस्थांसाठी नवे निर्देश काढले. ज्या विक्रेत्याशी करार केला आहे आणि ज्याची ओळख तपासली आहे, त्याच्याच वतीने मध्यस्थाने पैसे घ्यावेत, असे त्यांत स्पष्ट आहे. साधा घरमालक असा विक्रेता नसतो. त्यामुळे अनेक ॲपनी कार्डाने भाडे भरण्याची सोय बंद केली. म्हणून शेवटच्या दिवसापर्यंत या मार्गावर विसंबून राहू नये.

काही जण भावाच्या किंवा मित्राच्या खात्यात "भाडे" म्हणून पैसे पाठवून कार्डातून रोख काढतात. हे खोटे विवरण आहे. बँक भाडेकरार मागू शकते, कार्ड बंदही करू शकते. खरे भाडे भरणाऱ्यांनीही घरमालकाकडून पावती घ्यावी. ती 18,000 रुपयांचीच असेल. वरचे 427 रुपये भाडे नव्हेत, त्यामुळे पगारातील घरभाडे भत्त्याच्या करसवलतीत ते धरता येत नाहीत.

पगार नक्की येणार आहे, फक्त दहा-पंधरा दिवस उशिरा, असे असेल तर आधी घरमालकाला तेवढी मुदत मागून पाहावी. ती फुकट असते. नाहीच मिळाली आणि कार्ड वापरावेच लागले, तर बँकेच्या ग्राहक सेवेला दोनच प्रश्न विचारावेत : भाड्यावर तुमचे शुल्क किती, आणि पॉइंट मिळतील का? मग पगार येताच बिलाचे पूर्ण पैसे बाजूला काढावेत आणि पुढचे भाडे थेट खात्यातून द्यावे.