आधी कॅशे, मग डेटा, शेवटी अनइन्स्टॉल

अँड्रॉइड फोनवर एखादे अ‍ॅप अडकू लागले की अनेक जण ते सरळ काढून पुन्हा टाकतात. माझ्या मते आधी सेटिंग्जमधील Clear cache वापरावे. त्याने तात्पुरती साठवलेली चित्रे, पाने जातात, लॉगिन टिकते. जुनेच पान दिसत असेल, तर बहुधा एवढे पुरते. जागा वाचवायला मात्र हा उपाय तोकडा, कारण अ‍ॅप वापरताच कॅशे पुन्हा भरते.

अ‍ॅप उघडताच बंद पडत असेल, तर Clear storage करावे. लॉगिन, सेटिंग्ज, अ‍ॅपमध्ये उतरवलेल्या फायली जातात. म्हणून बॅकअप आणि पासवर्ड आधी तपासा. ‘अनइन्स्टॉलनेही हेच होते ना?’ होते, पण गूगलचा बॅकअप चालू असल्यास पुन्हा टाकताना जुना डेटा परत येऊ शकतो, आणि त्यासोबत बिघडलेली सेटिंगही. Clear storage नंतर अ‍ॅप कोरे सुरू होते.

अ‍ॅपच्या मूळ फायलीच बिघडल्या असतील किंवा ते वापरातच नसेल, तर अनइन्स्टॉल योग्य. फोनसोबत आलेली अनेक अ‍ॅप्स मात्र पूर्ण निघत नाहीत. त्यांचे फक्त अपडेट काढता येतात. अनइन्स्टॉलने तुमचे खातेही मिटत नाही. ते कंपनीकडे वेगळे बंद करावे लागते.