गोचीड गाईवर कमी, भिंतीत जास्त

गाईच्या कानात, कासेला, शेपटीच्या मुळाशी गोचीड दिसले की औषध आणायचे, गाईवर फवारायचे आणि निश्चिंत व्हायचे, ही आपली रीत. थोड्या दिवसांत गोचीड पुन्हा दिसतात आणि दोष औषधाच्या माथी जातो. खरी गोम गोठ्यात असते.

संकरित गाईंना गोचीडताप देणारा हायलोमा जातीचा गोचीड घ्या. रक्त पिऊन टच्च फुगलेली मादी खाली गळते, भिंतीच्या भेगेत किंवा गव्हाणीच्या फटीत शिरून हजारो अंडी घालते आणि मरते. अंड्यांतून निघालेली पिल्ले जनावराचे रक्त पितात, खाली उतरून फटीत कात टाकतात आणि पुन्हा जनावर गाठतात. तापाचा थायलेरिया हा सूक्ष्म परजीवी अंड्यांतून पुढे जात नाही. लहानपणी रोगवाहक जनावराचे रक्त प्यालेला गोचीड मोठेपणी तो दुसऱ्याला देतो. आजारातून उठलेली, धडधाकट दिसणारी गायही वाहक असू शकते.

चार गाईंचा गोठा धरू. मोठी गाय नीट भिजायला तीन-चार लिटर द्रावण लागते, म्हणजे एकूण 15 लिटर. 1.25 टक्के डेल्टामेथ्रिन असेल तर लिटरला 2 मिलि, म्हणून 30 मिलि औषध. ताकद वेगळी असेल तर प्रमाण बाटलीवरचेच घ्यावे. आधी गाईंना पोटभर पाणी पाजावे, म्हणजे अंग चाटणे कमी होते. ऊन चढण्याआधी फवारावे, पण जखमेवर नको. गाईंना बाहेर बांधून त्याच दिवशी गोठा झाडावा, भिंती, फटी, गव्हाणीची बाहेरची बाजू फवारावी आणि मग भेगा सिमेंटने बुजवाव्यात. अंडी औषधाला सहसा दाद देत नाहीत, म्हणून साधारण पंधरा दिवसांनी सगळे पुन्हा करायचे. दुसरी फेरी कंटाळ्याने टाळली जाते, आणि बहुतेक घोळ तिथेच होतो.

औषध पातळ करून वाचवलेले पैसे महागात पडतात. अर्धवट मात्रेतून जगलेल्या गोचिडांची पुढची पिढी त्या औषधाला जुमानत नाही. पिकावरचे कीटकनाशक जनावरावर मुळीच नको. आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन दुभत्या गाईला परस्पर देऊ नये, कारण ते दुधात उतरते. खूप ताप, खाणे बंद आणि खांद्यापुढची गाठ सुजलेली दिसली, तर त्याच दिवशी पशुवैद्यकाला बोलवा. बुपारव्हाक्वोन लवकर दिले तरच नीट लागू पडते.

कोंबड्यांतही हाच घोळ होतो. उवा जन्मभर पिसांतच राहतात, म्हणून औषध कोंबडीलाच लावावे लागते. लाल माइट मात्र दिवसा खुराड्याच्या फटीत लपते आणि रात्री रक्त प्यायला बाहेर पडते. दिवसा कोंबडी तपासून ती सापडत नाही. अंधार पडल्यावर बॅटरी घेऊन कोंबड्या बसतात त्या दांडीच्या खालची बाजू पाहावी, आणि औषधही तिथेच मारावे.