कोलंबीचा उतारा

माझ्या मावसबहिणीची मालवणी खानावळ आहे. तिथला कोलंबी मसाला दुपारी दोनच्या आत संपतो, पण महिनाअखेरीस गल्ल्यात खडखडाट. एकदा मी विचारलं, "ताई, या प्लेटचा दर कसा ठरवलास?" तिने वही पुढे केली. कोलंबी ५०० रुपये किलो, प्लेटला सोललेली १२० ग्रॅम, म्हणजे ६० रुपये. कांदा-टोमॅटो, नारळ, तेल, मसाला, कोकम मिळून ३५. एकूण ९५ रुपये, दर २७०.

गुणाकार बिनचूक होता. पण बाजारातून पिशवीत येणारी कोलंबी आणि कढईत पडणारी कोलंबी तिने एकच धरली होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही बर्फाचं पाणी नीट निथळून अख्खी कोलंबी एक किलो मोजून घेतली. कामाच्या मावशींनी डोकी मोडली, सालं काढली, पाठीतला काळा दोरा ओढला. धुऊन, चाळणीत निथळून पुन्हा काट्यावर ठेवली, तर भरली ४८० ग्रॅम. निम्म्याहून जास्त वजन कचऱ्याच्या बादलीत गेलं होतं.

साखर कारखान्यात उसाचा उतारा काढतात, तसाच हा स्वयंपाकघरातला उतारा. विकत घेतलेल्या मालापैकी साफ करून वापरण्याजोगा किती उरला, ते प्रमाण. इथे ते ४८ टक्के. आता खरा भाव काढायचा तर खरेदीचा भाव उताऱ्याने भागायचा: ५०० ÷ ०.४८, म्हणजे सोललेली कोलंबी सुमारे १,०४२ रुपये किलो. १२० ग्रॅमचे झाले १२५ रुपये.

इथे अनेकजण फसतात. "५२ टक्के वाया जातं ना, मग भावात ५२ टक्के वाढवू," असं म्हणून ते ७६० रुपये धरतात. ते चूक आहे, कारण पूर्ण ५०० रुपये आता फक्त ४८० ग्रॅमने वसूल करायचे आहेत. म्हणून मिळवणी नाही, भागाकार. डोकी-सालांचा रस्सा करून तो खरोखर विकला जात असेल, तरच त्याची किंमत इथून वजा करावी.

वहीत नवा हिशेब मांडला. कोलंबी १२५ आणि बाकी ३५, मिळून १६० रुपये. (कांद्याची सालं, नारळाची करवंटी यांचाही उतारा असतो, पण भाव कमी असल्यामुळे तिथली चूक रुपया-दोन रुपयांची.) कच्च्या मालाचा खर्च विक्रीच्या दराच्या किती टक्के, याला हॉटेलवाले फूड कॉस्ट म्हणतात. २७० रुपयांच्या प्लेटवर तो ३५ टक्के आहे, असं ताई समजत होती. प्रत्यक्षात १६० भागिले २७०, म्हणजे ५९ टक्के. उरलेल्या ११० रुपयांतून भाडं, पगार, गॅस आणि वीज भागवायची होती.

३५ टक्केच ठेवायचे तर १६० ला ०.३५ ने भागायचं. उत्तर येतं ४५७, म्हणजे मेनूवर ४६०. हा दर जीएसटी सोडून. मेनूवरच्या दरातच ५ टक्के कर धरला असेल, तर ४६० मधले आपले ४३८ च, आणि टक्केवारी त्यावर काढायची.

"चारशे साठ कोण देईल?" ताईचा प्रश्न रास्त होता. इथे टक्केवारीची मर्यादा कळते. तिने दर ४०० केला, तर फूड कॉस्ट ४० टक्के होते, पण प्लेटमागे २४० रुपये हातात राहतात. तिची डाळ १२० ला जाते, खर्च ३०, म्हणजे फूड कॉस्ट फक्त २५ टक्के, पण हाती ९० रुपयेच. भाडं रुपयांत द्यावं लागतं, टक्क्यांत नाही. म्हणून दोन्ही आकडे शेजारी मांडून तिने ४०० वर बोट ठेवलं.

मात्र ४८ हा आकडा दगडावरची रेघ नव्हे. कोलंबीचा आकार बदलला, सोलणारा हात बदलला, बर्फाचं पाणी वजनात आलं, की उतारा हलतो. ताई आता तीन वेगवेगळ्या दिवशी मोजून सरासरी धरते. मोजायची ती सोललेली कच्ची कोलंबी. शिजल्यावर ती आणखी आकसते, त्यामुळे शिजलेल्या वजनाने प्लेट भरायची असेल तर उताराही शिजवूनच काढावा लागतो.

हिशेब बरोबर आहे का, हे महिनाअखेरीस कळतं. महिन्याच्या सुरुवातीचा साठा अधिक खरेदी, वजा उरलेला साठा, भागिले कर सोडून झालेली विक्री. हा आकडा कागदावरच्या फूड कॉस्टपेक्षा बराच जास्त आला, तर कुठेतरी पळी मोठी पडतेय, माल खराब होतोय किंवा पिशवी मागच्या दाराने जातेय. ताईच्या बाबतीत पळीच निघाली. १२० च्या जागी १५० ग्रॅम कोलंबी जात होती, म्हणजे प्लेटमागे ३१ रुपये. आता ओट्यावर छोटा काटा आहे.